डेटाच्या जाहिरातीतले ॲनालिस्ट, सायंटिस्ट आणि इंजिनिअर: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात एका कंपनीच्या डेटा टीममध्ये काम करतो. भरती निघाली की नवख्यांचे बायोडेटा चाळायचं काम बहुतेक माझ्याच टेबलावर येतं. ओळखीतली पोरंपोरीही विचारायला येतात. मागच्या उन्हाळ्यात एक जण म्हणाला, "दादा, अप्लाय तर रोज करून राहिलो, पण कशासाठी करून राहिलो तेच समजून नाही राहिलं." त्याच्या मोबाइलमध्ये तीन जाहिराती होत्या. पदांची नावं तीन वेगळी, कामं मात्र जवळपास सारखीच. तेव्हापासून मला वारंवार येणारे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

तिन्ही पदांत फरक नेमका काय?

मी एकच गोष्ट पाहतो. दिवसाच्या शेवटी हा माणूस काय तयार करून देतो आणि कोणाच्या हातात देतो?

घरोघरी पार्सल पोचवणारी एखादी कंपनी घ्या. तिची मोठी डोकेदुखी म्हणजे परत येणारी पार्सलं. गिऱ्हाइकानं 'माल आल्यावर पैसे' असं निवडलं, डिलिव्हरीवाला दारात गेला आणि गिऱ्हाईक म्हणालं, 'नको.' या धंद्यात त्याला 'आरटीओ' म्हणतात, म्हणजे निघाल्या ठिकाणी परत. गाडीच्या पासिंगच्या आरटीओशी याचा काही संबंध नाही, पण पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवा माणूस इथे फसतो.

ऑपरेशन्स मॅनेजर विचारतो, "गेल्या महिन्यात परतावे का वाढले?" ॲनालिस्ट आकडे काढतो, पिनकोडप्रमाणे वेगळे करतो आणि सांगतो की वाढ अमुक दोन भागांत आहे आणि तिथे पहिल्या फेरीत फोनच लागत नाही. त्याचं उत्तर एका माणसाकडे जातं आणि पुढचा निर्णय तो माणूस घेतो.

सायंटिस्टला वेगळं काम असतं. ऑर्डर पडते त्या क्षणी ती परत येण्याची शक्यता किती, हे जुन्या ऑर्डरींवरून शिकलेल्या मॉडेलनं सांगायचं. शक्यता फार असेल तर त्या गिऱ्हाइकाला 'आधी पैसे भरा' एवढाच पर्याय दिसतो. हे उत्तर माणूस वाचत नाही, थेट ॲप वाचतं. दिवसाला हजारो वेळा.

इंजिनिअरच्या हातून बाहेर पडतो तो डेटाच. गोदामातले स्कॅन, ॲपमधल्या ऑर्डरी, पेमेंटच्या नोंदी हे सगळं तीन ठिकाणी पडलेलं असतं. ते रोज सकाळी सहाच्या आत एका जागी, दुबार न होता, उशिरा आलेल्या नोंदींसकट यायला हवं. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आधीचे दोघं.

मग जाहिरातीत एवढा गोंधळ का?

कामं जुनी आहेत, नावं नवी. 'डेटा सायंटिस्ट' हे पद २००८ च्या सुमारास लिंक्डइनमधले डी. जे. पाटील आणि फेसबुकमधले जेफ हॅमरबाकर यांनी रुजवलं, असं साधारण मानलं जातं. त्याआधीही आकडे मांडणारी माणसं होतीच. कोणी त्यांना एमआयएसवाले, म्हणजे कंपनीचे नेहमीचे अहवाल बनवणारे, म्हणे, कोणी स्टॅटिस्टिशियन. पुढे नावाला भाव आला आणि कंपन्यांनी जुन्याच खुर्चीला नवी पाटी लावली. पाटी बदलायला खर्च लागत नाही.

दुसरं कारण अगदी घरगुती आहे. जाहिरात लिहिणारा एचआरवाला बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीची जाहिरात समोर ठेवून लिहितो. टीमकडून त्याला चार ओळी मिळालेल्या असतात, बाकीच्या दहा तिकडून येतात. म्हणून एकाच जाहिरातीत साधं एक्सेल आणि प्रचंड डेटासाठीचं स्पार्क शेजारी बसलेले दिसतात.

जाहिरात वाचायची कशी?

पदाचं नाव अंगठ्यानं झाका. मग क्रियापदं वाचा. खाली एक नमुना देतो. पाहिलेल्या काही जाहिरातींतल्या ओळी जोडून मी तो तयार केला आहे.

*ज्युनियर डेटा सायंटिस्ट, नागपूर, अनुभव ० ते २ वर्षे*
*१. रोजचा व आठवड्याचा विक्री अहवाल तयार करून ऑपरेशन्स हेडला पाठवणे*
*२. पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड बनवणे व सांभाळणे*
*३. विविध विभागांच्या एक्सेल फाइली एकत्र करून स्वच्छ करणे*
*४. एसक्यूएलमधून मागणीनुसार डेटा काढून देणे*
*५. विक्री व परताव्यातील चढउतारांची कारणे शोधणे*
*६. डेटाबेसचा रोजचा लोड व बॅकअप तपासणे*
*७. मशीन लर्निंगची आवड*
*८. पायथन, आर, टॅब्लो, स्पार्क, क्लाउड यांचे ज्ञान असल्यास प्राधान्य*

आधी सातवी आणि आठवी ओळ खोडा. आवड म्हणजे काम नव्हे, आणि 'असल्यास प्राधान्य' ही इच्छांची यादी आहे. उरल्या सहा. त्यांतल्या पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी या चार ओळी सरळ ॲनालिस्टच्या आहेत. अहवाल, डॅशबोर्ड, मागितलेला डेटा, कारणं. सगळं माणसाकडे जातंय आणि तो माणूस कोण हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. मॉडेल बनवणं, त्याची चाचणी घेणं, ते चालू ठेवणं, यांपैकी एकही क्रियापद नाही. म्हणजे पाटी सायंटिस्टची, खुर्ची ॲनालिस्टची.

खरी बातमी तिसऱ्या आणि सहाव्या ओळीत आहे. विभागांच्या फाइली हातानं जोडायला लागतात आणि रोजचा लोड, म्हणजे डेटाबेसमध्ये नवा डेटा नीट भरला गेला का, तेही याच माणसानं बघायचं आहे, याचा अर्थ तिथे डेटा इंजिनिअर नाही. तुम्ही रुजू झालात तर महिन्याचे पहिले चार दिवस फाइलींच्या मागे जातील. अकाउंट्सच्या फाइलीत तारीख एका पद्धतीनं लिहिलेली असेल, गोदामाच्या फाइलीत दुसऱ्या. एकात 'नागपूर' असेल, दुसऱ्यात 'नागपुर'. कंटाळवाणं आहे, पण वाईट नाही. कुठला आकडा कुठून येतो हे तुम्हाला तिथेच कळतं.

मग अशा जाहिरातीला अर्ज करावा का?

पहिली नोकरी असेल तर करा. पण एक धोका लक्षात ठेवा. दोन वर्षांनी बायोडेटावर 'डेटा सायंटिस्ट' लिहिलेलं असेल आणि पुढचा मुलाखतकार विचारेल, "तुमचं शेवटचं मॉडेल कुठं वापरात होतं? ते बिघडलंय हे कसं कळायचं?" डॅशबोर्ड बनवलेल्या माणसाकडे याचं उत्तर नसतं. असे बायोडेटा मी पाहिले आहेत. माणूस खोटारडा नसतो, पाटीनंच त्याला अडकवलेलं असतं. पद जे मिळेल ते लिहा, पण त्याखालच्या ओळींत केलेलं कामच लिहा.

उलटही घडतं. काही प्रॉडक्ट कंपन्यांत ॲनालिस्टला ए-बी चाचणी आखायला लावतात. निम्म्या गिऱ्हाइकांना जुनं पान, निम्म्यांना नवं, आणि फरक खरा की योगायोग हे ठरवायचं. त्याला संख्याशास्त्र पक्कं लागतं आणि काम सायंटिस्टच्या जवळ जातं. नाव साधं दिसतं म्हणून अशी जाहिरात सोडून देऊ नका.

टूल्सच्या यादीवरून पद ओळखता येत नाही का?

अर्धंच. पायथन आणि एसक्यूएल तिन्हीकडे असतात, त्यामुळे त्यांवरून काहीच कळत नाही. एअरफ्लो, काफ्का, स्पार्क ही नावं कामाच्या ओळींत आली, प्राधान्याच्या ओळीत नव्हे, तर इंजिनिअरचं काम समजा. पॉवर बीआय किंवा टॅब्लो आणि त्यासोबत 'स्टेकहोल्डर' हा शब्द दिसला तर ॲनालिस्ट. टूल्सपेक्षा मी 'रिपोर्टिंग कोणाला' ही ओळ आधी शोधतो. सेल्स, फायनान्स किंवा ऑपरेशन्सच्या प्रमुखाला रिपोर्टिंग असेल तर ॲनालिस्ट. इंजिनिअरिंग मॅनेजरला असेल तर इंजिनिअर किंवा सायंटिस्ट, आणि त्या दोघांत क्रियापदं निवाडा करतात.

एसक्यूएल तिघांनाही लागतं, मग फरक कुठे पडतो?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे. एकच चूक घेऊ आणि ती तिघांच्या टेबलावर काय करते ते बघू.

पार्सल कंपनीच्या `orders` टेबलमध्ये तीन ऑर्डरी आहेत: ५०० रुपये, ८०० रुपये आणि १,२०० रुपये. एकूण २,५०० रुपये. दुसरं टेबल `attempts`. डिलिव्हरीवाला दारात गेला की त्यात एक ओळ पडते. पहिली आणि तिसरी ऑर्डर एकाच फेरीत पोचली. ८०० रुपयांच्या ऑर्डरीला तीन फेऱ्या लागल्या, कारण गिऱ्हाईक दोनदा घरी नव्हतं.

मॅनेजरनं विचारलं, "ज्या ऑर्डरींसाठी आपण दारापर्यंत गेलो, त्यांची एकूण रक्कम किती?" नवख्या माणसाच्या हातून दोन्ही टेबलं जोडून, म्हणजे जॉइन करून, हे लिहिलं जातं:

```sql
SELECT SUM(o.amount)
FROM orders o
JOIN attempts a ON a.order_id = o.order_id;
```

उत्तर येतं ४,१००. तीन फेऱ्यांमुळे ८०० ची ओळ तीनदा आली, म्हणजे ५०० अधिक २,४०० अधिक १,२००. डेटाबेसनं कुठलीही चूक दाखवली नाही, लाल अक्षरं आली नाहीत. आकडा देखणा आहे आणि खोटा आहे.

काही जण घाईत `SUM(DISTINCT o.amount)` लिहितात. या तीन ऑर्डरींवर ते बरोबरही येतं, २,५००. पण उद्या ५०० रुपयांच्या दोन वेगळ्या ऑर्डरी आल्या की त्यांतली एक गायब, कारण `DISTINCT` रकमा वेगळ्या करतं, ऑर्डरी नाही. दुरुस्ती अशी:

```sql
SELECT SUM(o.amount)
FROM orders o
WHERE EXISTS (
  SELECT 1 FROM attempts a
  WHERE a.order_id = o.order_id
);
```

आता प्रत्येक ऑर्डर एकदाच मोजली जाते. फेऱ्या एक असोत की तीन.

ॲनालिस्टच्या टेबलावर ही चूक लवकर पकडली जाऊ शकते. ४,१०० हा आकडा अकाउंट्सच्या एकूण बेरजेपेक्षा मोठा आहे हे पाहून तो थबकतो. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजतो: आधी तीन, नंतर पाच. क्वेरी दुरुस्त होते, अहवाल जातो. आणि समजा चुकीचा अहवाल गेलाच, तरी मॅनेजर म्हणतो, "भाऊ, एवढा धंदा कधी झाला आपला?" माणूस वाचतोय म्हणून चूक अडते.

इंजिनिअरचा विचार वेगळा असतो. आज एकानं ही चूक केली, उद्या दहा जण करतील. म्हणून तो असं टेबल बनवतो ज्यात एका ऑर्डरीची एकच ओळ असते आणि फेऱ्यांची संख्या त्यात एका रकान्यात येते. रोजच्या लोडनंतर एक तपासणी आपोआप चालते: `order_id` दुबार आला का? आला तर लोड थांबतो आणि त्याचा फोन वाजतो. पहाटे साडेचारलाही. हा शेवटचा भाग जाहिरातीत क्वचितच उलगडून लिहिलेला असतो. 'ऑन-कॉल' हा शब्द दिसला तर तो हाच फोन.

सायंटिस्टच्या हाती हीच दुबार ओळ सगळ्यात वाईट वागते. मॉडेल शिकवताना डेटाचे दोन भाग करतात, एकावर शिकवायचं आणि दुसऱ्यावर परीक्षा. ८०० ची ऑर्डर तीनदा असेल तर तिची एक प्रत शिकवायच्या भागात आणि दुसरी परीक्षेच्या भागात जाऊ शकते. मग परीक्षेत आधी पाहिलेलंच गणित येतं आणि गुण छान पडतात. खरं पितळ मॉडेल ॲपमध्ये गेल्यावर उघडं पडतं. दुसरा सापळा याच टेबलात दडलेला आहे. 'फेऱ्यांची संख्या' ही माहिती मॉडेलला दिली तर ते परतावे झकास ओळखेल, कारण परत येणाऱ्या पार्सलला फेऱ्या जास्त लागतातच. पण ऑर्डर पडते त्या क्षणी फेरी झालेलीच नसते! उत्तरपत्रिका आधी हातात देऊन परीक्षा घेण्यासारखं आहे हे.

आता तीन पदांकडे पुन्हा बघा. चूक एकच, पण एका ठिकाणी तासाभरात कळते, दुसऱ्या ठिकाणी पहाटे फोन करते आणि तिसऱ्या ठिकाणी महिनोन्महिने गप्प बसते.

मग नवख्यानं सुरुवात कुठून करावी?

बहुतेकांनी ॲनालिस्टपासून. वरचं उदाहरण हेच माझं कारण आहे. ज्या खुर्चीत चूक लवकर दिसते आणि माणूस ती दाखवून देतो, त्या खुर्चीत शिकणं लवकर होतं. शिवाय धंदा कळतो. परतावा म्हणजे काय, क्रेडिट नोट कधी निघते, महिनाअखेरीला विक्री अचानक का फुगते, हे पुस्तकात मिळत नाही, आणि ज्याला ते कळत नाही त्याचं मॉडेलही आंधळंच असतं.

याला अपवाद आहेत. ज्यानं कॉलेजात खरंच कोड लिहिलाय, म्हणजे एखादं छोटं ॲप बनवून सर्व्हरवर चालवलंय, गिट वापरलंय, लिनक्सच्या काळ्या पडद्याला जो घाबरत नाही, त्यानं सरळ इंजिनिअरच्या जागा बघाव्यात. ते काम सॉफ्टवेअरच्याच घरातलं आहे. अशा मुलाला डॅशबोर्डचे रंग बदलायला बसवलं तर तो सहा महिन्यांत कंटाळतो.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना सायंटिस्टची वाट खुली आहे, पण ती अरुंद आहे. बँका आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांच्या रिस्क विभागांतल्या ॲनालिस्टच्या जागा त्यांनी बघाव्यात. कर्ज कोण बुडवेल याचा अंदाज बांधणारी मॉडेलं तिथे फार आधीपासून चालतात. पदाच्या नावात 'सायंटिस्ट' असेलच असं नाही.

बाकी ज्यांचा तीन महिन्यांचा कोर्स झालाय आणि थेट सायंटिस्टच व्हायचंय, त्यांना मी एक प्रश्न विचारतो. शंभर ऑर्डरींपैकी पंधरा परत येतात. 'एकही परत येणार नाही' असं डोळे मिटून सांगणारं मॉडेल किती टक्के बरोबर? उत्तर ८५. मग तुमचं मॉडेल ८७ टक्के बरोबर असेल तर ते चांगलं की वाईट? इथे ज्याची गाडी अडत नाही, जो 'परत आलेल्या पंधरांपैकी किती पकडले आणि त्यासाठी किती भल्या गिऱ्हाइकांना उगाच अडवलं' असं विचारतो, त्यानं खुशाल अर्ज करावा.

बी.कॉम. किंवा बी.ए. झालंय. चालतं का?

ॲनालिस्टला चालतं. जाहिरातीत 'बी.ई./बी.टेक. आवश्यक' असेल आणि कंपनी मोठी असेल तर अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो, तिथे वेळ घालवू नका. 'कोणतीही पदवी' म्हणणाऱ्या जागा कमी नाहीत. कॉमर्सवाल्यांना लेजर आणि जीएसटी कळतो, आणि फायनान्सच्या डेटावर बसलेल्या इंजिनिअर पोरांना तेच कळत नसतं.

अनुभव '२ ते ४ वर्षे' लिहिलंय, मी फ्रेशर आहे. टाकू का अर्ज?

ॲनालिस्टच्या जागेला, कामाच्या ओळींपैकी निम्म्याहून जास्त तुम्ही करून दाखवू शकत असाल, तर टाका. इंजिनिअरच्या जागेला नको. तिथे दोन वर्षं म्हणजे बहुधा खरंच दोन वर्षं, कारण चालत्या डेटाबेसला हात लावायला नवख्याला देत नाहीत. आणि '० ते १ वर्ष, पीएचडीला प्राधान्य' अशी जाहिरात दिसली तर ती लिहिणाऱ्यालाच आपल्याला काय हवंय ते ठाऊक नाही.

नागपुरात अशा जागा आहेत का, की पुण्यालाच जायचं?

आहेत, पण शोधताना नाव बदलावं लागतं. 'डेटा सायंटिस्ट, नागपूर' टाकून शोधाल तर मोजकं काही दिसेल आणि तुम्ही निराश व्हाल. परसोडीचा आयटी पार्क आणि मिहान इथल्या मोठ्या सेवा कंपन्या फ्रेशर्सना साधारण पदावर घेतात. डेटाचं काम मिळेल की टेस्टिंगचं, हे पुढे प्रोजेक्ट ठरताना कळतं. म्हणून तिथे जाहिरातीवर कीस पाडण्यापेक्षा मुलाखतीत विचारा की प्रोजेक्ट कसे वाटतात.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतले कारखाने, इस्पितळं, कर्ज देणाऱ्या संस्था, गोदामं यांच्याकडेही आकड्यांचं काम असतं, पण त्यांच्या जाहिरातीत 'डेटा' हा शब्द नसतो. शोधताना हे टाकून बघा: `MIS Executive`, `Reporting Analyst`, `Business Analyst`, `Operations Analyst`. यांतल्या `Business Analyst` ला जपा. काही कंपन्यांत तो आकडे बघतो, काहींत तो गिऱ्हाइकाकडून सॉफ्टवेअरच्या गरजा लिहून आणतो आणि एसक्यूएलला वर्षभर हात लावत नाही. पुन्हा तेच, क्रियापदं वाचा.

इंजिनिअर आणि सायंटिस्टच्या जागा पुणे, बंगळूर, हैदराबादकडे जास्त आहेत, हे खरं आहे.

'डेटा ॲनालिस्ट' म्हणून बोलावलं आणि टायपिंगची परीक्षा घेतली. हे काय?

ती डेटा एंट्री आहे. जाहिरातीत मिनिटाला किती शब्द, किंवा दिवसाला किती फॉर्म असा आकडा असेल तर घरीच ओळखा. रुजू होण्याआधी 'ट्रेनिंग फी' किंवा 'डिपॉझिट' मागितलं तर परत फिरा. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही.

दाखवायला प्रोजेक्ट कोणता करू?

इंटरनेटवरचा टायटॅनिकचा डेटा कृपा करून नको. तो मी इतक्या वेळा पाहिलाय की प्रवाशांची नावं पाठ व्हायची वेळ आली. आपल्या दारातच कळमना बाजार आहे. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर बाजारसमित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव मिळतो. संत्र्याचा डेटा घ्या आणि त्यातले खड्डे शोधा.

पहिला खड्डा सरासरीचा. एका दिवशी शंभर क्विंटल आवक आणि भाव २,००० रुपये, दुसऱ्या दिवशी दहाच क्विंटल आणि भाव ४,०००. सरळ सरासरी ३,००० येते. पण माल बघितला तर २ लाख अधिक ४० हजार भागिले ११०, म्हणजे सुमारे २,१८२ रुपये. ३,००० हा सरासरी भाव छापून मोकळे झालात तर अडत्या हसेल.

दुसरा खड्डा ऋतूचा. संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी. नोव्हेंबरचा भाव मार्चच्या भावाशी ताडून 'भाव वाढले' म्हणणं चूक, कारण फळच वेगळ्या बहाराचं आहे. यंदाचा आंबिया गेल्या वर्षीच्या आंबियाशी ताडा. तिसरा खड्डा: बाजार बंद असतो त्या दिवशी ओळच नसते. तिथे शून्य भरलंत तर भाव कोसळल्याचं चित्र दिसेल.

हे तीन खड्डे तुम्ही एका पानात लिहून दाखवलेत तर ॲनालिस्टच्या मुलाखतीत मला तेवढं पुरतं. इंजिनिअर व्हायचं असेल तर तोच डेटा रोज आपोआप उतरवून घेणारा कोड लिहा आणि तो दोनदा चालवला तरी ओळी दुबार होत नाहीत हे सिद्ध करा. सायंटिस्टच्या वाटेवर असाल तर पुढच्या आठवड्याच्या भावाचा अंदाज बांधा, पण आधी 'पुढच्या आठवड्यातही या आठवड्याचाच भाव राहील' या बिनडोक अंदाजाला हरवून दाखवा. ते वाटतं तितकं सोपं नाही.

मुलाखतीत मी काय विचारू, म्हणजे पद खरं कोणतं ते कळेल?

"या जागेवरच्या आधीच्या माणसानं गेल्या आठवड्यात काय काय केलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. "तीन अहवाल पाठवले, एक डॅशबोर्ड दुरुस्त केला" असं उत्तर आलं तर ॲनालिस्ट. "डेटा आणणारी एक पाइपलाइन बंद पडली होती, ती उभी केली" म्हणाले तर इंजिनिअर. "भरपूर काही असतं, तुम्ही आल्यावर बघूच" असं उत्तर आलं तर त्यांनी अजून ठरवलेलं नाही. जागा नवी आहे म्हणाले, तर पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे, ते विचारा.

एमआयएसमध्ये लागलो तर तिथेच अडकून पडेन का?

अडकतात, खोटं कशाला बोलू. रोज तोच अहवाल हातानं बनवणारा माणूस पाच वर्षांनीही तोच अहवाल बनवत असतो. सुटका अहवालातच असते. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे जाता येत नाही, आणि धंदा वाढला की एक दिवस ती भिंत लागते. त्याआधीच तुम्ही तो डेटा डेटाबेसमध्ये नेलात, चार तासांचा अहवाल क्वेरीनं दहा मिनिटांत आणलात, तर ते तुमचं इंजिनिअरिंगचं पहिलं काम झालं. आमच्या टीममधली एक ताई अशीच आली. कारखान्यात ती डिस्पॅचचा अहवाल बनवायची. मुलाखतीत तिनं लॅपटॉप उघडला, जुनी एक्सेल आणि नवी क्वेरी शेजारी ठेवली आणि दोन्हीच्या बेरजेत सतरा रुपयांचा फरक का येतो ते आम्हाला सांगत बसली. डिस्पॅचची सतरा रुपयांची एक नोंद जुन्या शीटमध्ये दोनदा धरली गेली होती. तिला आम्ही त्याच दिवशी हो म्हटलं.